रविवारी ट्रॅक्टर घ्यायचाय? मग मालकाचं खातं शुक्रवारीच ॲपमध्ये जोडा

समजा, नाशिकजवळच्या मखमलाबादला तुमची द्राक्षबाग आहे आणि पिंपळगाव बसवंतला एक जुना ट्रॅक्टर तुमच्या मनात भरलाय. सौदा ३ लाख ४० हजारांना ठरला. मालकाचं म्हणणं सरळ आहे: पैसे खात्यावर दिसले की चावी घ्या. तुमच्या खात्यात पैसे आहेत, मोबाईलमध्ये बँकेचं ॲप आहे, रेंजही आहे. तरीही तिथं उभं राहून मालकाचं खातं पहिल्यांदा ॲपमध्ये जोडलंत, तर त्या दिवशी पूर्ण रक्कम बहुतेक जाणार नाही. ॲप बिघडलेलं नसतं आणि खातंही गोठलेलं नसतं. नव्याने जोडलेल्या नावाला बँक काही तास थोडेच पैसे जाऊ देते. यालाच कूलिंग पिरियड म्हणतात.

ॲप नुकतंच वापरायला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. वरचाच ट्रॅक्टर धरून शुक्रवारपासून रविवारपर्यंत काय करायचं ते पाहू. शुक्रवार हातचा गेला असेल, तर रविवारी काय शक्य आहे तेही पाहू.

बँक नेमकं काय अडवते

बँकेच्या ॲपमधून कुणाच्या खात्यावर पैसे पाठवायचे असतील तर आधी त्याला लाभार्थी म्हणून जोडावं लागतं. नाव, खाते क्रमांक, बँकेच्या शाखेची ओळख सांगणारा आयएफएससी कोड टाकायचा, ओटीपी द्यायचा. इथून दोन टप्पे सुरू होतात. पहिल्या टप्प्यात ते नाव चालूच झालेलं नसतं, त्यामुळे एक रुपयाही जात नाही. दुसऱ्या टप्प्यात नाव चालू असतं, पण रकमेला टोपी, म्हणजे वरची मर्यादा, असते. बऱ्याच ठिकाणी दिसणारा साचा असा: पहिली ३० मिनिटं काहीच नाही, मग पहिल्या २४ तासांत मिळून ५० हजार, त्यानंतर तुमची नेहमीची मर्यादा. पुढचा हिशेब मी याच आकड्यांवर मांडलाय. तुमच्या बँकेचे आकडे वेगळे असतील, तर नाव जोडताना शेवटच्या स्क्रीनवर बारीक अक्षरांत ते बहुतेकदा लिहिलेले असतात. बहुतेक लोक ती ओळ न वाचताच ‘ठीक आहे’ दाबतात. ती वाचा. जमलं तर तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

‘मिळून’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ५० हजारांची टोपी एका व्यवहाराला नसते, त्या नावाला असते. म्हणून ५०-५० हजारांचे सात तुकडे करून पाठवू म्हटलं, तर पहिला जातो आणि दुसरा अडतो. लगेच पैसे पोचवणारं आयएमपीएस अडलं म्हणून मोठ्या रकमांसाठीचं आरटीजीएस करून पाहिलं, तरी तेच होतं. पैसे कुठल्या वाटेने जातायत याकडे ही टोपी पाहत नाही, ते कुणाकडे जातायत एवढंच पाहते.

हे सगळं का, तर आयएमपीएस किंवा आरटीजीएसने गेलेले पैसे समोरच्याच्या खात्यात पडल्यावर बँक ते आपल्या मनाने परत ओढू शकत नाही. तुमचा फोन आणि ओटीपी चोराच्या हाती लागला, तर तो सगळ्यात आधी स्वतःच्या माणसाचं खातं जोडणार आणि मग खातं रिकामं करणार. नाव जोडल्याचा एसएमएस तुम्हाला येतो. तो वाचून बँकेला कळवण्याइतका वेळ तुमच्या हाती राहावा, यासाठी हे तास ठेवलेले आहेत. रविवारी ट्रॅक्टरपाशी उभं असताना याचा राग येईल, हे मला मान्य आहे.

शुक्रवार संध्याकाळ: नाव जोडणं

मालकाकडून खात्याची माहिती फोनवर ऐकून लिहून घेऊ नका. पासबुकच्या पहिल्या पानाचा किंवा रद्द केलेल्या चेकचा फोटो मागा. खाते क्रमांक दोनदा टाकावा लागतो. त्यात सुरुवातीला शून्य असतील तर तेही टाका. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ओ टाकला की ॲप कोड चुकीचा म्हणतं, आणि माणूस उगाच पासबुक पुन्हा पुन्हा तपासत बसतो. मालकाची बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, तर जुन्या पासबुकावरचा कोड बदललेला असू शकतो. अशा वेळी नवं पासबुक किंवा नवा चेकच मागा.

मालकाचं खातं पतसंस्थेत असेल तर आधीच विचारा की त्यावर बाहेरच्या बँकेतून थेट पैसे येतात का. बऱ्याच पतसंस्थांत ते येत नाहीत, मग त्याला त्याचं बँकेतलं खातं द्यावं लागतं. छोट्या सहकारी बँकांत एनईएफटी आणि आरटीजीएस चालतं पण आयएमपीएस चालत नाही, असंही होतं. हा प्रश्न शुक्रवारी विचारला तर दोन मिनिटांत सुटतो.

माहिती भरल्यावर खातेदाराचं नाव पडताळण्याची सोय शोधा. आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी ही सोय ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. खाते क्रमांक आणि कोड टाकला की त्या खात्यावर बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ही पायरी टाळू नका, कारण पैसे जमा होताना खाते क्रमांकच पाहिला जातो. तुम्ही टाकलेलं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असलं, तरी पैसे त्या क्रमांकावर जातात. दिसणारं नाव आरसी बुकातल्या मालकाच्या नावाशी जुळतंय का तेही आत्ताच पाहा. मुलाचं किंवा मेहुण्याचं खातं दिलं असेल तर का, ते विचारा. उत्तर साधंच असू शकतं, पण ते सौद्याच्या कागदावर लिहून घ्या.

शेवटी ओटीपी टाका. समजा, हे सगळं संध्याकाळी ७ ला उरकलं. साडेसातला नाव चालू झाल्याचा एसएमएस येईल. घड्याळ इथून मोजा, ७ पासून नाही. काही बँका जोडल्याच्या क्षणापासून मोजतात, काही चालू झाल्यापासून. उशिराची वेळ धरली की कुठल्याही बँकेत चुकत नाही. काही बँकांत रात्री जोडलेलं नाव सकाळीच चालू होतं, म्हणून झोपण्याआधी जोडून ठेवू असं म्हणू नका. सुट्ट्यांची चिंता मात्र नको, हे तास शनिवारी आणि रविवारीही चालू राहतात.

शनिवार: एक रुपया, मग इसार

नाव चालू झालं की आधी १ रुपया पाठवा आणि मालकाला फोन लावा. ‘मेसेज आला का’ एवढंच विचारू नका. पाठवणाऱ्याचं नाव काय दिसतंय आणि कुठल्या बँकेचा मेसेज आहे, तेही त्याच्याकडून वाचून घ्या. मालकाची दोन खाती असतील, तर पैसे नेमके कुठे गेले ते इथे कळतं.

मग १० हजार इसार पाठवा. ५० हजारांच्या आत असल्याने तो लगेच जातो, मालकालाही सौदा पक्का वाटतो आणि तो दुसऱ्या गिऱ्हाईकाला ट्रॅक्टर दाखवत बसत नाही. शेरा लिहायची जागा असते तिथे ‘ट्रॅक्टर इसार’ असं लिहा. आता ३ लाख ३० हजार राहिले.

शनिवारी आणखी एक गोष्ट बघायची आहे. तुमची रोजची मर्यादा किती आहे? नव्या नावाची टोपी उठली म्हणजे वाटेल तेवढी रक्कम जाते असं नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये रोजच्या व्यवहाराची मर्यादा असते आणि नव्या ग्राहकाची ती पुष्कळदा १ लाख किंवा त्याहूनही कमी ठेवलेली असते. ती वाढवता येते, पण काही बँकांत वाढवलेली मर्यादाही लगेच लागू होत नाही. म्हणून रविवारी नको, शनिवारीच वाढवा.

रविवार: पूर्ण रक्कम

शनिवारी संध्याकाळी साडेसातला टोपी उठली. रविवारी ११ वाजता तुम्ही पिंपळगावला पोचलात, ट्रॅक्टर चालवून पाहिला, इंजिन आणि चॅसिस क्रमांक आरसीशी जुळवले. आता ३ लाख ३० हजार एकाच आरटीजीएसने पाठवा. आरटीजीएसला किमान रक्कम २ लाख लागते आणि डिसेंबर २०२० पासून ते रात्रंदिवस, रविवारीसुद्धा चालतं. पैसे आल्यावर ते घेणाऱ्या बँकेने अर्ध्या तासात खात्यात जमा करायचे असतात. म्हणून पाच मिनिटांत मेसेज आला नाही तर घाबरू नका आणि पुन्हा पाठवू तर अजिबात नका. आयएमपीएसही चालेल, त्याची वरची मर्यादा ५ लाख आहे. मात्र तुमच्या बँकेने ती कमी ठेवलेली असू शकते.

शुक्रवार हुकला असेल तर

आता दुसरी बाजू. कुणी आधी सांगितलंच नाही आणि रविवारी ११ वाजता तुम्ही मालकाच्या ओट्यावर बसून त्याचं खातं जोडलंत. साडेअकराला नाव चालू झालं. आता काय जातं ते मांडू.

लाभार्थी म्हणून जोडलेल्या खात्यावर ५० हजार जातील. यूपीआय ही वेगळी वाट आहे. तिथे मालकाचा यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड वापरला, तर लाभार्थी जोडावाच लागत नाही, त्यामुळे ही टोपी साधारणपणे तिथे लागू होत नाही. यूपीआयने एका माणसाकडून दुसऱ्याला दिवसाला १ लाखापर्यंत पाठवता येतात. काही बँका त्यांच्या खातेदारांना त्याहून कमीच जाऊ देतात. सगळं जमून आलं तर यूपीआयने १ लाख आणि आयएमपीएसने ५० हजार, म्हणजे दीड लाख आज जातील. उरलेले १ लाख ९० हजार सोमवारी साडेअकरानंतर. इथे एक खाच आहे: १ लाख ९० हजार २ लाखांच्या आत आहेत, म्हणून सोमवारी आरटीजीएस चालणार नाही, आयएमपीएस किंवा एनईएफटी करावं लागेल. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांत जातं, त्यामुळे थोडा वेळ धरा.

यूपीआय करताना दोन गोष्टी पाहा. पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव मालकाचंच आहे ना? जून २०२५ अखेरपासून तिथे बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं आहे, फोनमध्ये तुम्ही सेव्ह केलेलं नाव नाही. आणि त्याचा यूपीआय ज्या खात्याला जोडलेला आहे, तेच खातं तो तुम्हाला दाखवतोय ना? एका खात्यावर लाख, दुसऱ्यावर पन्नास हजार असं झालं तर नंतर हिशेब लावताना दोघांचीही डोकेदुखी होते.

माझं मत विचाराल तर रविवारी एवढी जुळवाजुळव करण्यापेक्षा ५० हजार द्या, पावती घ्या आणि चावी सोमवारी घ्या. सोमवारी शाखा उघडते. तिथे चेक देऊन आरटीजीएसचा फॉर्म भरला, तर ॲपमधल्या या टोपीचा संबंधच उरत नाही. शाखेतला माणूस सही पडताळून पैसे पाठवतो. फक्त दुसरा किंवा चौथा शनिवार असेल तर तो दिवस शाखेसाठी धरू नका.

दोन पळवाटा लोक हमखास सुचवतात. एक म्हणजे, ‘माझ्या भावाच्या ॲपमध्ये त्यांचं खातं आधीच आहे, त्याला पाठव, तो पुढे पाठवेल.’ असं केलं तर बँकेच्या नोंदीत ट्रॅक्टरचे पैसे भावाने दिले असं राहतं. उद्या मालकाशी वाद झाला, तर तुमच्या खात्यातून त्याला एक रुपयाही गेल्याचं दिसत नाही. दुसरी म्हणजे रोख. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात चालत नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो. म्हणून उरलेले १ लाख ९० हजार रोख देऊन टाकू म्हणताना, आधीची काही रोख मिळवून एकूण २ लाखांवर पोचत नाही ना, ते पाहा.

घड्याळ पुन्हा शून्यावर कशाने जातं

जोडलेलं नाव काढून पुन्हा जोडलं तर २४ तास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. रक्कम अडल्यावर काहीतरी चुकलंय असं वाटून लोक नेमकं हेच करतात, आणि शनिवारी उठणारी टोपी रविवारपर्यंत लांबते. खाते क्रमांक खरोखर चुकला असेल, तर मात्र दुसरा इलाज नाही.

नवा फोन किंवा नवं सिम ही याहून वेगळी गोष्ट आहे, पण लोक दोन्हींची गल्लत करतात. शनिवारी एम. जी. रोडवरून नवा मोबाईल घेतला आणि यूपीआय त्यावर चालू केलं, तर पहिले २४ तास यूपीआयने एकूण ५ हजारच जातात. आयफोनवर काही बँका ही मुदत ७२ तास ठेवतात. ही टोपी तुमच्या फोनला असते, मालकाच्या खात्याला नसते. म्हणून ती जुन्या, ओळखीच्या नावांनाही लागते. कुठली टोपी आडवी आलीय ते ओळखायचं असेल तर घरातल्या कुणाला, ज्याला नेहमी पैसे पाठवता, १० हजार पाठवून पाहा. तेही अडले तर अडचण तुमच्या फोनची किंवा रोजच्या मर्यादेची आहे. ते गेले, रोजची मर्यादाही पुरेशी आहे आणि तरी फक्त मालकाला जात नाहीत, तर नव्या नावाची टोपी आहे. सौद्याच्या आठवड्यात फोन बदलूच नका, हे सगळ्यात सोपं.

पैसे अडतात तेव्हा स्क्रीनवर रक्कम मर्यादेबाहेर आहे असा काहीतरी संदेश येतो आणि खात्यातून काहीच जात नाही. पैसे कापले गेले पण मालकाला मिळाले नाहीत, हे प्रकरण वेगळं. ते कूलिंगमुळे होत नाही. यूपीआय किंवा आयएमपीएसमध्ये असं झालं, तर पुढच्या दिवसापर्यंत पैसे परत यायला हवेत. नाही आले तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. एवढ्या वेळात दुसऱ्यांदा पाठवण्याची घाई करू नका, कारण मग दोन्ही रकमा पोचतात आणि जादा रक्कम परत मागायला पुन्हा पिंपळगावला जावं लागतं.

न मागता आलेला एसएमएस

तुम्ही कुणालाही जोडलेलं नाही आणि तरी ‘नवा लाभार्थी जोडला गेला’ असा मेसेज आला, तर ती ३० मिनिटं आणि ते २४ तास तुमच्यासाठीच आहेत. मेसेजमधल्या लिंकवर किंवा नंबरवर जाऊ नका. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर फोन करून नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

भामट्यांनाही हे तास माहीत असतात. म्हणून ते ‘आज फक्त नाव जोडून ठेवा, पैसे उद्या पाठवा’ असं सांगतात, आणि तोवर फोन ठेवू देत नाहीत. काही जण थेट शाखेत जाऊन आरटीजीएस करायला लावतात. ट्रॅक्टर न दाखवताच आधी खातं जोडायला सांगणारा ‘मालक’ भेटला, तर त्याचं नाव जोडू नका.

बोजा असेल तर दुसरं नावही आधीच जोडा

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा दिसत असेल, तर मालकाचं कर्ज अजून फिटलेलं नसू शकतं. अशा वेळी कर्जाची बाकी रक्कम मालकाला न देता थेट कर्जाच्या खात्यावर भरणं शहाणपणाचं. पण ते खातंही तुमच्या ॲपला नवंच असतं. त्याची टोपी वेगळी, त्याचं घड्याळ वेगळं. समजा बाकी १ लाख २० हजार आहे, तर शुक्रवारी दोन नावं जोडा: एक मालकाचं, एक कर्जखात्याचं. कर्जखात्यावर कुठल्या वाटेने पैसे घेतात ते मालकाला त्या कंपनीकडून लेखी आणायला सांगा. बोजा उतरवायला आरटीओत फॉर्म ३५ लागतो, आणि मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. या कागदांवर मालकाच्या सह्या पैसे पाठवण्याआधीच घ्या.

अशा वेळी मालकाची रक्कमही बदलते. ३ लाख ३० हजारांतून १ लाख २० हजार वजा जाता त्याला २ लाख १० हजार जातील. म्हणजे त्याच्यासाठी आरटीजीएस चालेल, कर्जाच्या रकमेला मात्र एनईएफटी किंवा आयएमपीएस करावं लागेल.

पैसे गेले की ॲपमधून पावती उतरवून घ्या. आरटीजीएस व्यवहाराची ओळख सांगणारा २२ अक्षरांचा यूटीआर क्रमांक सौद्याच्या कागदावर हाताने लिहा आणि त्याखाली मालकाची सही घ्या. आणि मालकाचं नाव ॲपमधून लगेच काढून टाकू नका. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीही घ्यायचं पुढच्या महिन्यात ठरलं, तर त्या वेळी पहिल्या मिनिटापासून पूर्ण रक्कम जाईल.